फ्लक्स आत शिरतो, तरी नायोबियम-टायटॅनियमची वायर चालते कशी? आणि ती हजारो तंतूंची का?

प्रश्न: एमएस्सीला शिकवलं की सुपरकंडक्टर फ्लक्स बाहेर फेकतो, म्हणजे माइसनर इफेक्ट. आता मॅग्नेटच्या वायरबद्दल वाचतोय तर तिथे म्हणतात टाइप टूमध्ये फ्लक्स आत शिरतो. शिरला तर रेझिस्टन्स झिरो कसा राहतो? टेबलात नायोबियम-टायटॅनियमचं Bc2 हीलियमच्या तापमानाला 10 टेस्लाच्या वर दिलंय, मग त्याचा 10 टेस्लाचा मॅग्नेट का नसतो? आणि एक सलग जाड वायर ओढायची सोडून आत हजारो बारीक फिलामेंट का घालतात?

उत्तर:

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. फ्लक्स आत आला याचा त्रास नसतो, तो आत आल्यावर हलला की त्रास होतो. मी बरीच वर्षं ही वायर टेस्ट करणं आणि तिच्या कॉइल गुंडाळणं यातच आहे, त्यामुळे थिअरी कमी आणि वायर जास्त असं होईल, चालवून घ्या.

आधी टाइप वन पटकन उरकून घेऊ, कारण मॅग्नेटवाल्यांना त्याचा उपयोग शून्य. शिसं घ्या, Tc 7.2 केल्विन, शून्य तापमानाला क्रिटिकल फील्ड 0.08 टेस्ला. तापमान वाढलं की हे फील्ड Bc = Bc0(1 − (T/Tc)²) असं खाली येतं, म्हणजे 4.2 केल्विनला साधारण 0.053 टेस्ला उरतं. 1911 ला कामरलिंग ओनेसने पाऱ्यात सुपरकंडक्टिव्हिटी पाहिली आणि दोनच वर्षांत तो 10 टेस्लाच्या मॅग्नेटची गोष्ट करायला लागला होता, वीज न जळता. मग शिशाची वायर फील्डमध्ये ठेवून बघितली तर काही शे गॉसलाच सगळं संपलं. 1 मिलिमीटर व्यासाच्या शिशाच्या तारेतून 4.2 केल्विनला सुमारे 130 अँपिअर जातात, त्याच्यावर गेलात की करंटचं स्वतःचंच फील्ड पृष्ठभागावर 0.053 टेस्ला होतं आणि तार नॉर्मल होते. 130 अँपिअर ऐकायला बरे वाटतात, पण तुम्ही कॉइल गुंडाळलीत तर शेजारच्या वेढ्यांचं फील्डही त्याच 0.053 मधून वजा होणार, मग राहिलं काय? शिवाय सगळा करंट वाहतो पृष्ठभागालगतच्या काही दहा नॅनोमीटरच्या थरात, आतलं शिसं नुसतं वजन.

क्रिटिकल फील्ड किती खाली जाऊ शकतं याचं टोकाचं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये शुद्ध बिस्मथच्या क्रिस्टलमध्ये 0.53 मिलिकेल्विनच्या खाली सुपरकंडक्टिव्हिटी सापडली, आणि अंदाजे क्रिटिकल फील्ड निघालं 5.2 मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं फील्ड त्याच्या कितीतरी पट आहे, म्हणजे सँपलभोवती शील्डिंग नसतं तर ते दिसलंच नसतं.

आता टाइप टू. दोन लांब्या लक्षात ठेवा, एक म्हणजे फील्ड किती खोल शिरतं ती (λ), दुसरी म्हणजे सुपरकंडक्टिंग अवस्था किती अंतरात मरू किंवा सावरू शकते ती, कोहेरन्स लेंग्थ (ξ). शिशात दुसरी मोठी, त्यामुळे नॉर्मल आणि सुपरकंडक्टिंग भागांमधली सीमा महाग पडते, पदार्थ ती टाळतो आणि फ्लक्सला एकतर पूर्ण बाहेर ठेवतो नाहीतर सपशेल हार मानतो. (गोल किंवा चपट्या सँपलमध्ये मधली पट्टेदार अवस्था दिसते, पण तो आकाराचा खेळ आहे.) टाइप टूमध्ये उलटं, ξ लहान, सीमा स्वस्त, मग पदार्थ म्हणतो की फ्लक्सला छोट्या छोट्या नळ्यांनी आत येऊ दे, बाकीचा मी सुपरकंडक्टिंग राहतो. प्रत्येक नळीत फ्लक्सचा एकच क्वांटम, 2.07 × 10⁻¹⁵ वेबर, तिला व्हॉर्टेक्स म्हणायचं. मधला गाभा जवळपास नॉर्मल, भोवती गरगरणारा सुपरकरंट. शुबनिकोव्हने 1937 ला खार्किवमध्ये शिशाच्या मिश्रधातूंवर याची मापं घेतली होती, आणि अब्रिकोसोव्हने 1957 ला व्हॉर्टेक्सचं चित्र मांडलं, त्याला नोबेल मिळालं 2003 ला.

यातली मजेची गोष्ट म्हणजे शुद्ध नायोबियम टाइप टूमध्ये जेमतेम बसतो, Tc 9.2 च्या आसपास पण हीलियमच्या तापमानाला वरचं क्रिटिकल फील्ड अर्ध्या टेस्लाच्याही खाली. त्यात वजनाने 47 टक्के टायटॅनियम घातलं की Tc जवळपास तेवढाच राहतो, पण इलेक्ट्रॉन जागोजागी आपटायला लागतात, ξ आखडून 5 नॅनोमीटरवर येते आणि Bc2 थेट शून्य तापमानाला साडेचौदा टेस्लाकडे जातं. नॉर्मल अवस्थेत कंडक्टर म्हणून जितका घाण, तितकं सुपरकंडक्टर म्हणून फील्ड झेलायला चांगला. आम्ही वायरसाठी वापरतो तो अंदाज असा, Bc2 = 14.5(1 − (T/9.2)^1.7), म्हणजे 4.2 केल्विनला 10.7 टेस्ला आणि 1.9 केल्विनला साडेतेरा. तुमच्या टेबलात आहे तो आकडा हाच.

आता पहिला प्रश्न, फ्लक्स आत आहे तर रेझिस्टन्स झिरो कसा. 5 टेस्लाला वायरच्या आत व्हॉर्टेक्स एकमेकांपासून साधारण 22 नॅनोमीटरवर उभे असतात, अक्षरशः दाटीवाटीने. ते स्थिर असले तर करंट गाभ्यांना वळसा घालून उरलेल्या सुपरकंडक्टिंग भागातून जातो, व्होल्टेज काही नाही. पण करंट आणि फील्ड एकत्र आले की व्हॉर्टेक्सवर लॉरेंझ फोर्स येतो, J गुणिले B. तो सरकायला लागला की E = vB इतकं इलेक्ट्रिक फील्ड तयार होतं, करंटच्याच दिशेने, म्हणजे उष्णता, म्हणजे रेझिस्टन्स. किती सरकला की लक्षात येतं? आम्ही क्रिटिकल करंट मोजताना मर्यादा धरतो सेंटीमीटरला 0.1 मायक्रोव्होल्ट. 5 टेस्लाला हे व्होल्टेज येण्यासाठी व्हॉर्टेक्स सेकंदाला फक्त 2 मायक्रोमीटर सरकले तरी पुरे. एवढ्याशा सरपटण्याला आम्ही 'वायर गेली' म्हणतो.

म्हणजे अगदी शुद्ध, निर्दोष टाइप टू क्रिस्टल मॅग्नेटसाठी कुचकामी आहे, Bc2 कितीही असो, कारण व्हॉर्टेक्स धरून ठेवायला आत काही नाही. धरायचं काम पिनिंगचं. व्हॉर्टेक्सचा गाभा तसाही नॉर्मल, तो जर आधीच नॉर्मल असलेल्या कणावर बसला तर ऊर्जा वाचते आणि तिथून उठायला त्याला जोर लागतो. नायोबियम-टायटॅनियममध्ये हे कण मुद्दाम घडवतात: वायर ओढायची, 400 अंश सेल्सिअसच्या जरा खाली कितीतरी तास भट्टीत ठेवायची, परत ओढायची, परत भट्टी. त्यातून अल्फा-टायटॅनियमचे कण बाहेर पडतात, आकारमानाने एकपंचमांशाच्या आसपास, आणि शेवटच्या ओढकामात ते चपटे होऊन काही नॅनोमीटर जाडीच्या दुमडलेल्या फिती होतात. गाभ्याची मापं आणि फितींची मापं जुळली की वायर जमली. Tc आणि Bc2 मिश्रधातूची रचना ठरवते, Jc, म्हणजे रेझिस्टन्स न येता दर चौरस मिलिमीटरमागे पेलता येणारा जास्तीत जास्त करंट, मात्र कारखाना ठरवतो, त्यामुळे एकाच रासायनिक रचनेच्या दोन वायरींत Jc दुपटीने वेगळा निघू शकतो. सप्लायरकडून Tc चं सर्टिफिकेट आलं म्हणून खूश होऊ नका, Jc विरुद्ध B चा कर्व्ह मागा.

दुसरा प्रश्न इथेच सुटतो. Bc2 ही अशी जागा आहे जिथे Jc शून्य होतो. चांगल्या वायरचा Jc 4.2 केल्विन, 5 टेस्लाला 2800 अँपिअर प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास धरा, पुढे दर टेस्लामागे तो साधारण पाच-सहाशेने घसरतो. 9 टेस्लाला उरतात पाचशेच्या आसपास, 10 ला जवळपास काहीच नाही. आणि वायरला लागतं ते फील्ड बोअरच्या मधलं नव्हे, सगळ्यात आतल्या थरावरचं, ते नेहमी जास्त असतं. तापमानाचं बघा. 5 टेस्लाला वायरचा Tc 7.2 केल्विन असतो, 7 टेस्लाला 6.2, 9 टेस्लाला 5.2. म्हणजे 9 टेस्लाला हीलियमच्या वर तुमच्याकडे एकच केल्विन आहे, तोही करंट शून्य असताना. क्रिटिकल करंटच्या 80 टक्क्यांवर चालवलात तर उरतो 0.2 केल्विन. आणि 4 केल्विनला धातूंची उष्णता धारण करण्याची क्षमता रूमच्या तुलनेत इतकी कमी असते की एखादा वेढा केसाच्या जाडीहून कमी सरकला तरी घर्षणाने तेवढं तापमान वाढतं. म्हणून 4.2 केल्विनला या वायरचे मॅग्नेट 9 टेस्लापाशी थांबतात, आणि तेही वायर भरपूर घालून, करंट दबकत चढवून. सर्नच्या एलएचसीतले डायपोल 8.33 टेस्लाचे आहेत पण ते 1.9 केल्विनवर चालतात, कारण तिथे सगळा कर्व्ह जवळपास 3 टेस्लाने वर सरकतो.

आता तंतूंचा प्रश्न, माझ्या मते यातला सगळ्यात चांगला.

बाहेरून फील्ड वाढवत गेलात की फ्लक्स कडेपासून आत शिरतो, पण पिनिंगमुळे एकदम सगळीकडे पसरत नाही. वाळूच्या ढिगाला जसा एक ठरावीक उतार असतो तसा फ्लक्सला उतार असतो, कडेला जास्त, मध्याकडे कमी, आणि तो उतार ठरवतो Jc: dB/dx = μ₀Jc. हे बीनचं मॉडेल, साठच्या दशकातलं, आणि इतक्या साध्या मॉडेलने इतकं काम काढलंय की विचारू नका. जिथे उतार आहे तिथे पूर्ण Jc वाहतोय, जिथे नाही तिथे शून्य, मधलं काही नाही.

आकडे घालून बघू. मुद्दाम कमी फील्ड घेतो, 1 टेस्ला, कारण गडबड तिथेच होते. तिथे 4.2 केल्विनला Jc 7500 अँपिअर प्रति चौरस मिलिमीटरच्या घरात असतो. उतार निघतो मायक्रोमीटरला सुमारे 9.4 मिलिटेस्ला. अर्धा मिलिमीटर जाडीची सलग पट्टी घ्या, कडेपासून मध्यापर्यंत 250 मायक्रोमीटर, म्हणजे कडेच्या आणि मध्याच्या फील्डमध्ये दोन टेस्लाहून जास्त फरक पेलण्याची तिची ताकद. ही सगळी साठवलेली ऊर्जा. आता कुठेतरी तापमान किंचित वाढलं. Jc कमी झाला, उतार मंदावला, म्हणजे थोडा फ्लक्स आत घसरला. फ्लक्स हलला की उष्णता, उष्णतेने तापमान आणखी वाढलं, Jc आणखी कमी. उष्णता क्षमता पुरेशी असेल तर साखळी तिथेच विझते, नसेल तर पूर्ण ढीग कोसळतो. याला फ्लक्स जंप म्हणतात.

विझेल की कोसळेल याची अट, उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही असं धरून, अशी येते:

a² < 3C(Tc − T) / (μ₀Jc²)

इथे a म्हणजे अर्धी जाडी आणि C म्हणजे घनमीटरमागची उष्णता क्षमता. 4.2 केल्विनला नायोबियम-टायटॅनियमसाठी C साधारण 5500 जूल प्रति घनमीटर प्रति केल्विन, 1 टेस्लाला Tc 9 च्या आसपास म्हणून फरक 4.8, Jc वरचाच. उत्तर येतं 33 मायक्रोमीटर, म्हणजे तंतूची पूर्ण जाडी साधारण 66 मायक्रोमीटरच्या आत हवी, आणि हाताशी थोडं राखून लोक 50 धरतात. आपली अर्ध्या मिलिमीटरची पट्टी a मध्ये साडेसातपट, म्हणजे वर्गात पन्नासपटीहून जास्त मर्यादेबाहेर आहे. सुरुवातीच्या काळात सलग वायरीच्या कॉइल शॉर्ट सँपलच्या, म्हणजे त्याच वायरीच्या छोट्या तुकड्यावर मोजलेल्या, करंटपर्यंत कधी पोचायच्याच नाहीत, त्यात याचा मोठा हात होता.

बघा, सूत्रात Jc खाली आणि वर्गात आहे. म्हणजे पिनिंग जितकं चांगलं तितका तंतू बारीक लागतो. आणि कमी फील्डला Jc सगळ्यात जास्त, म्हणून फ्लक्स जंप पूर्ण फील्डवर नाही तर चढताना खालीच येतो. हे डायग्नोसिसला फार कामाला येतं. क्वेंच, म्हणजे वायर एकदम नॉर्मल होऊन मॅग्नेट बसणं, कमी फील्डला येत असेल, आधी व्होल्टेजच्या टॅप्सवर अणकुचीदार स्पाइक दिसत असतील आणि रॅम्प हळू केला की ते बदलत असतील, तर फ्लक्स जंपवर संशय घ्या. क्वेंच वरच्या टोकाला येत असेल आणि प्रत्येक वेळी थोडा थोडा पुढे सरकत असेल तर तो वेढ्यांच्या हालचालीचा प्रकार, ज्याला आम्ही ट्रेनिंग म्हणतो. आणि वायरच कमजोर असेल तर क्वेंचच्या आधी व्होल्टेज हळूहळू वर चढताना दिसतं.

या शेवटच्याबद्दल थोडं. V विरुद्ध I चा कर्व्ह V ∝ I^n असा बसवतात. चांगल्या वायरचा n मध्यम फील्डला 30-50 किंवा वर येतो. पंधरा-वीस दिसला तर बहुतेक वेळा तंतू लांबीभर एकसारख्या जाडीचे नाहीत, कुठे फुगलेत कुठे आवळलेत. कारण बहुधा भट्टीतलं: टायटॅनियम आणि भोवतीचं तांबं यांची प्रक्रिया होऊन कडक कण होतात, ते तंतूइतके मऊ नसल्यामुळे ओढताना तंतूला आत दाबतात, कधी तोडतात. म्हणून बारीक तंतूच्या वायरीत प्रत्येक तंतूभोवती नायोबियमचा पातळ थर घालतात. एक तुकडा नायट्रिक अॅसिडमध्ये टाका, तांबं विरघळतं, तंतू केसांच्या झुपक्यासारखे मोकळे होतात. मायक्रोस्कोपखाली फुगवटे दिसले की वेगळा रिपोर्ट लागत नाही.

तंतू सुटे करून काम संपत नाही, कारण ते तांब्यात बसलेत. तांबं हवंच, एखादा तंतू नॉर्मल झाला तर करंटला पर्यायी वाट आणि उष्णतेला पळवाट तेच देतं. पण बदलत्या फील्डमध्ये दोन समांतर तंतू आणि त्यांच्या टोकांकडचं तांबं मिळून एक लांबलचक लूप होतो, आणि लांबी पुरेशी असली तर सगळा झुपका एकाच जाड तंतूसारखा वागतो, म्हणजे केलेली मेहनत पाण्यात. यावर उपाय म्हणजे पीळ. वायर पिळली की दर अर्ध्या पिळाला लूपमधल्या फ्लक्सची दिशा उलटते आणि प्रेरित व्होल्टेज साठत नाही. एलएचसीच्या आतल्या थराची वायर 1.065 मिलिमीटर व्यासाची, त्यात साधारण 8900 तंतू, प्रत्येक 7 मायक्रोमीटरचा, पीळ 18 मिलिमीटरला एक.

हुशार वाचक इथे विचारेल की 50 मायक्रोमीटर पुरे होते तर 7 कशाला? ते फ्लक्स जंपसाठी नाही. फ्लक्सच्या उतारामुळे प्रत्येक तंतूत एकीकडून जाणारा आणि दुसरीकडून परत येणारा करंट अडकलेला असतो, तो विझत नाही, आणि त्याचं स्वतःचं मॅग्नेटायझेशन Jc गुणिले तंतूचा व्यास या प्रमाणात असतं. एलएचसीत बीम आत घेतात तेव्हा डायपोल फक्त 0.54 टेस्लावर असतो. तिथे Jc प्रचंड, हवं ते फील्ड कमी, म्हणजे या अडकलेल्या करंटचा बिघाड टक्केवारीत सर्वाधिक, विशेषतः सेक्स्टुपोल. तंतू 7 मायक्रोमीटरचे करूनही तो बिघाड इतका उरतो की डायपोलच्या टोकाला छोटे करेक्टर मॅग्नेट लावावे लागलेत. आणि हा बिघाड मॅग्नेट आधी कुठपर्यंत चढवून उतरवला त्यावर अवलंबून असतो, कारण ढीग इतिहास लक्षात ठेवतो. म्हणून दरवेळी बीम घेण्याआधी मॅग्नेट ठरलेल्या पद्धतीने वर-खाली करून आणतात.

एमआरआयच्या मॅग्नेटला यातली बरीच चैन लागत नाही. फील्ड एकदा चढवलं की वर्षानुवर्षं तसंच, त्यामुळे तिथे तंतू कमी आणि जाडे चालतात, तांबं मात्र भरपूर, कारण क्वेंच परवडत नाही. तिथली डोकेदुखी जॉइंटची असते, तो वेगळा विषय.

10 टेस्लाच्या पुढे जायचं असेल तर नायोबियम-टिन घ्यावं लागतं, Tc 18 केल्विन. पण ते काचेसारखं ठिसूळ, आधी गुंडाळायचं आणि मग कॉइलसकट भट्टीत घालायचं. आणि गंमत म्हणजे जास्तीत जास्त Jc देणाऱ्या वायरीत तंतू भट्टीत एकमेकांना चिकटून प्रभावी व्यास 50 मायक्रोमीटर किंवा जास्त होतो, म्हणजे ज्या फ्लक्स जंपची वाट आपण नायोबियम-टायटॅनियममध्ये बंद केली तेच स्पाइक तिथे कमी फील्डला आजही ऑसिलोस्कोपवर दिसतात. तुम्ही जर या वायरीचा सँपल मोजणार असाल तर फील्ड शून्यापासून चढवताना 1-2 टेस्लाच्या पट्ट्यात क्वेंच डिटेक्टरची मर्यादा जरा वर आणि वेळेची खिडकी जरा लांब ठेवा, नाहीतर तो प्रत्येक स्पाइकला सप्लाय बंद करत बसेल.